हिरवी, पिवळी, लाल : ढोबळी मिरची एक की तीन?

ठाण्याच्या जांभळी नाक्यावरील भाजीबाजार असो, डोंबिवली स्थानकाबाहेरील गाळे असोत वा एखाद्या मॉलमधील शीतकपाट, एका प्लास्टिकच्या वेष्टनात एक हिरवी, एक पिवळी आणि एक लाल अशा तीन ढोबळ्या मिरच्या शेजारी शेजारी बसविलेल्या दिसतात. वाहतुकीच्या दिव्यांप्रमाणे मांडलेल्या या त्रिकुटाकडे पाहून बहुतेक ग्राहकांचा एक समज होतो आणि विक्रेतेही तो बिनदिक्कत पक्का करतात : मिरची आधी हिरवी असते, थोडी पिकली की पिवळी होते आणि पूर्ण पिकली की लाल. आंब्याच्या किंवा टोमॅटोच्या अनुभवावरून हा क्रम मनाला सहज पटतोही. प्रत्यक्षात तो निम्मा खरा आहे आणि निम्मा चुकीचा.

खरा भाग आधी पाहू. ढोबळी, भोपळी किंवा सिमला अशा कोणत्याही नावाने ओळखली जाणारी ही मिरची लवंगी, संकेश्वरी, ब्याडगी या तिखट मिरच्यांच्याच जातकुळीतील आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या सर्व ‘कॅप्सिकम ॲन्युअम’ या एकाच प्रजातीच्या जाती होत. झाडावरची हिरवी मिरची राहू दिली की लाल होते, हे ज्याने परसात एक रोप लावले आहे त्यालाही ठाऊक असते. ढोबळीचे तेच आहे. बाजारात येणारी हिरवी ढोबळी म्हणजे पूर्ण आकाराचे, पण न पिकलेले फळ. कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत उतरणाऱ्या हिरव्या ढोबळीच्या गोणीत एखादे फळ हमखास असे निघते, की ज्याची एक बाजू तपकिरी वा तांबूस झालेली असते. ते सडलेले नसते. तोडणीच्या एका फेरीत नजरेआड राहून गेल्याने ते झाडावर काही दिवस जास्त राहिलेले असते, एवढेच.

त्या तपकिरी डागातच या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे. लाल होणारी मिरची हिरव्यातून पिवळी होत नाही, ती आधी तपकिरी, चॉकलेटी होते. कारण सोपे आहे. फळ पिकू लागले की सालीतील हरितद्रव्य हळूहळू विरते आणि त्याच वेळी लाल रंगद्रव्य तयार होऊ लागते. काही दिवस दोन्ही एकत्र नांदतात. हिरव्यावर लाल चढला की डोळ्याला तपकिरी दिसतो. पुढे हिरवा पुरता ओसरला की निखळ लाल उरतो. या सर्व प्रवासात पिवळ्या मिरचीचा टप्पा लागतच नाही.

मग पिवळी येते कोठून? ती वेगळ्या वाणाच्या बियाण्यातून येते. हरितगृहात रंगीत ढोबळी घेणारा शेतकरी रोपे आणतानाच रंग ठरवितो. आपल्याकडे बरीच वर्षे लावल्या गेलेल्या संकरित वाणांपैकी ‘बॉम्बे’ हा लाल होणारा आणि ‘ओरोबेल’ हा पिवळा होणारा. उघड्या शेतात हिरव्यासाठी लावला जाणारा ‘इंद्रा’ हिरवाच तोडला जातो, पण झाडावर राहिला तर तोही तांबडा होतो. ‘बॉम्बे’ आणि ‘ओरोबेल’ या दोन्हींची कोवळी फळे हिरवीच असतात आणि त्या अवस्थेत त्यांचा भेद ओळखणे ग्राहकाला अशक्यच. पुढे ‘ओरोबेल’ हिरव्यातून पोपटी व पोपटीतून पिवळी होते आणि तेथेच थांबते. ती कितीही दिवस झाडावर ठेवली तरी लाल होणार नाही. ती सुरकुतेल, मऊ पडेल, रंग जरा गडद होईल, पण ती पिवळी म्हणूनच संपेल. पिवळी हा लालच्या आधीचा टप्पा नव्हे, तो तिच्या वाणाचा शेवटचा टप्पा आहे.

हा भेद कशामुळे पडतो, हे शास्त्रज्ञांनी जनुकाच्या पातळीवर शोधून काढले आहे. गाजर, टोमॅटो, झेंडू यांना रंग देणारी कॅरोटिनॉइड नावाची द्रव्ये मिरचीतही असतात. ती कारखान्यातील साखळीप्रमाणे एकापासून दुसरे अशी बनतात. या साखळीच्या शेवटाकडे व्हायोलाझॅन्थिनसारखी पिवळी द्रव्ये तयार होतात. लाल मिरचीत त्यानंतर आणखी एक विकर कामाला लागते आणि पिवळ्या द्रव्यांचे रूपांतर कॅप्सॅन्थिन व कॅप्सोरुबिन या लाल द्रव्यांत करते. ब्याडगीचा जो रंग रश्श्यावर तरंगतो, तो प्रामुख्याने याच कॅप्सॅन्थिनचा. या विकराचे जनुक फ्रान्समधील संशोधकांनी 1994 मध्ये वेगळे काढले. 1998 मध्ये फ्रान्समध्येच झालेल्या दुसऱ्या संशोधनातून असे दिसले, की मिरचीचा लाल की पिवळा हा वारसा आणि हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या बरोबरच जातात. अनेक पिवळ्या वाणांत हे जनुक तुटलेले किंवा गायबच असते. साखळीतील शेवटचा कामगारच नसल्याने माल पिवळ्या अवस्थेत बाहेर पडतो. नारिंगी ढोबळीची कथा थोडी निराळी आहे. तेथे बिघाड बहुधा साखळीच्या आरंभी असतो किंवा शेवटचे विकर अर्धवट काम करते. मात्र तीही वेगळ्या वाणाचीच, लाल होता होता राहिलेली नव्हे.

म्हणजे पिवळ्यातून लाल होणारी मिरची जगात नाहीच का? आहे. हंगेरीची फिकट, मेणासारखी दिसणारी लांबट मिरची कोवळेपणीच पिवळसर असते आणि पिकताना नारिंगी होत लाल होते. तिच्या कोवळ्या फळात हरितद्रव्यच फार कमी असल्याने हिरवा पडदा नसतो. तिचा कोवळा पिवळा आणि ‘ओरोबेल’चा पिकलेला पिवळा ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. पहिला अपक्वतेचा, दुसरा पक्वतेचा. अशा जातींची छायाचित्रे पाहूनच ‘हिरवी-पिवळी-लाल’ या क्रमाला बळ मिळाले असेल, तर नवल नाही.

ज्यांना हे पडताळून पाहायचे असेल, त्यांना घोडबंदर रस्त्यावरील इमारतीच्या सज्जातही ते करता येईल. चांगल्या पिकलेल्या पिवळ्या ढोबळीतील बिया वाळवून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेराव्यात. महिना-सव्वा महिन्यात रोप कुंडीत हलविण्याजोगे होते. हंगाम हाच धरण्याचे कारण असे, की ढोबळीला थंड रात्री मानवतात. ठाणे-कल्याणच्या एप्रिलच्या उकाड्यात तिची फुले गळून पडतात. थंडीत फळ धरले आणि ते न तोडता तसेच ठेवले, तर प्रथम हिरवे दिसेल आणि मग पिवळे होईल. पिवळेपणा हा जनुकीयदृष्ट्या अप्रभावी गुण आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून तोच वारसा मिळाल्याशिवाय तो दिसत नाही. म्हणून पिवळ्या फळाच्या स्वपरागित बीपासून पिवळीच झाडे येतात. लाल फळाचे तसे नाही. त्याच्या झाडात एका पालकाकडून आलेला पिवळा वारसा लपलेला असेल, तर पुढच्या पिढीतील सरासरी चारांतील एक झाड पिवळी फळे देईल. हिरव्या फळातील बिया मात्र बहुधा अपक्व असतात. त्या उगवल्या नाहीत तर खताला दोष देऊ नये.

येथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. लाल आणि पिवळ्या वाणांची झाडे शेजारी लावली म्हणून यंदाचे फळ दुरंगी होत नाही. फळाची साल आणि गर हा आईच्या झाडाचा भाग असतो, परागकणाचा परिणाम केवळ आतल्या बियांवर होतो. मधमाशीने केलेली सरमिसळ दिसेल ती पुढच्या पिढीत. फळावर पांढरट-पिवळट, कागदासारखा पातळ चट्टा दिसला, तर तो बहुधा उन्हाचा चटका असतो. त्याला पिकण्याची सुरुवात समजू नये.

लाल-पिवळ्या ढोबळीचा भाव हिरवीहून बराच चढा का, याचेही उत्तर याच प्रवासात आहे. रोपांच्या लागवडीनंतर हिरवी फळे साधारण 55 ते 60 दिवसांत तोडता येतात. पिवळ्यासाठी 70 ते 75 आणि लालसाठी 80 ते 90 दिवस थांबावे लागते. हे वरचे दिवस फुकटचे नसतात. पिकणारे फळ अंगावर असेपर्यंत झाड नवी फळे कमी धरते. त्या काळात फुलकिडे, कोळी, उन्हाचा चटका, अवेळी पाऊस यांपैकी कशानेही फळ डागाळू शकते, आणि डागाळलेल्या रंगीत ढोबळीला गिऱ्हाईक नाही. म्हणून शेतकरी ती हरितगृहात घेतो आणि तो खर्च भावात उतरतो. एरवी हिरवी तोडून मोकळे होणे हाच त्याच्यासाठी शहाणपणाचा व्यवहार ठरतो.

यावर काही काटकसरी मंडळी विचारतात, की स्वस्त हिरवी आणून घरीच पिकविली तर? केळी किंवा टोमॅटो तोडल्यानंतरही पिकतात. ढोबळीची प्रकृती तशी नाही. तिला पिकविण्याच्या वायूचा विशेष उपयोग होत नाही आणि पूर्ण हिरव्या अवस्थेत तोडलेले फळ आठवड्या-दोन आठवड्यांत लाल न होता सुरकुतते. ज्या फळावर तपकिरी छटा आधीच आलेली आहे, ते मात्र घरातील साध्या तापमानात आणखी रंगते. टोपलीत राहिलेली तिखट मिरची कधी कधी तांबडी होते, तीही अशीच रंग बदलण्याच्या उंबरठ्यावर तोडलेली असते. तेव्हा भाजीवाल्याच्या ढिगातील तपकिरी डागाची ढोबळी कमी भावात मिळत असेल, तर ती घेण्यास हरकत नाही. दोन-चार दिवस फ्रिजबाहेर ठेवल्यास तिचा रंग खुलतो.

चवीतील फरकही काल्पनिक नाही. हिरव्या ढोबळीत 100 ग्रॅममागे साधारण अडीच ग्रॅम साखर असते, लालमध्ये चार ग्रॅमच्या आसपास. म्हणूनच हिरवीचा किंचित कडवटपणा लालमध्ये जाणवत नाही. क जीवनसत्त्वातही पिकलेली फळे सरस आहेत. हिरवीत सुमारे 80, लालमध्ये 125च्या पुढे आणि पिवळीत त्याहूनही अधिक मिलिग्रॅम असे ढोबळ प्रमाण सांगितले जाते. वाण, हंगाम आणि साठवणीनुसार ते बरेच बदलते. हंगेरीचे शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी 1930च्या दशकात हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर मिळविले, ते सेगेद परिसरातील लाल मिरचीपासूनच. 1937 च्या नोबेल पुरस्कारामागे त्या कामाचाही वाटा होता. फोडणीत परतताना यातील बराच भाग नाहीसा होतो. कोशिंबिरीत कच्ची चिरून घातलेली ढोबळी त्या दृष्टीने फायद्याची, आणि तेथे पिवळ्या-लालचे जादा पैसे अधिक वसूल होतात. भरली ढोबळी किंवा पीठ पेरून केलेल्या भाजीसाठी मात्र हिरवीच घ्यावी. ती शिजल्यावर आकार धरून राहते.