हे घडलं, हे ते म्हणाले, हे बातमीदाराला वाटलं

२८ एप्रिल २०२५, सोमवार. स्पेनमध्ये दुपारचे १२ वाजून ३३ मिनिटं झाली होती. आपल्याकडे चार वाजून गेले होते. त्या मिनिटाला स्पेन आणि पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरची वीज गेली. मेट्रो बोगद्यांत अडकल्या, रस्त्यांवरचे सिग्नल विझले. त्या दिवसाची एखादी स्पॅनिश बातमी मराठीत थोडक्यात सांगायची, तर शब्दांचे अर्थ कळून भागत नाही. कोणतं विधान कुणाच्या भरवशावर उभं आहे, ते आधी शोधावं लागतं.

त्या दिवसाच्या बातम्यांच्या धाटणीचं एक वाक्य मी नमुन्यासाठी रचलं आहे. मराठीत ते शब्दशः असं होईल: ‘वीजजाळ्यातल्या जोरदार हेलकाव्यामुळे झाली असती अशी ही ऐतिहासिक बत्तीगुल १५.००० मेगावॉट गिळून गेली, अशी कबुली सरकारने दिली.’

आधी आकडा. स्पेनमध्ये हजारांसाठी बिंदू आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. म्हणजे हे १५ हजार मेगावॉट आहेत, पंधरा नव्हेत. हा आकडा बातमीदाराने मोजलेला नाही. साधारण पाच सेकंदांत १५ गिगावॉट, म्हणजे त्या वेळच्या मागणीच्या सुमारे ६० टक्के वीज नाहीशी झाली, असं पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी त्याच दिवशी जाहीरपणे सांगितलं होतं. सारांशात आकड्याबरोबर त्यांचं नाव जायलाच हवं. १२.३३ ही वेळ मात्र साऱ्या जाळ्याने नोंदवलेली आहे. ती निःशंकपणे वस्तुस्थिती म्हणून लिहावी.

आता ‘झाली असती’. इथे सर्वांत जास्त घसरगुंडी होते. मूळ स्पॅनिशमध्ये तिथे ‘आब्रिआ सिदो’ असतं. व्याकरणाच्या पुस्तकात त्याचा अर्थ ‘झालं असतं’ असाच मिळतो. पण बातमीत हेच रूप ‘असं ऐकिवात आहे, खात्री झालेली नाही’ हे सांगायला येतं. स्पॅनिश व्याकरणकार त्याला अफवेचा संकेतार्थ म्हणतात, आणि ‘एल पाईस’सारख्या दैनिकाची शैलीपुस्तिका ते टाळायला सांगते. तरी ते सर्रास दिसतं, लॅटिन अमेरिकेत तर फारच. आपल्याकडे या रूपाला नेमका जोडीदार आहे: ‘म्हणे’. ‘वीज म्हणे हेलकाव्यामुळे गेली.’ बोलताना हे अचूक बसतं, पण छापील मराठीत ‘म्हणे’ला अविश्वासाचा वास येतो आणि मूळ स्पॅनिशमध्ये तो नसतो. म्हणून मी ‘असं सांगितलं जातं, दुजोरा मिळालेला नाही’ एवढं लांब लिहिते. त्यात चार शब्द वाढले तरी चालतील. ते गाळले, तर ऐकीव गोष्ट मराठीत येताना खरी होऊन बसते.

‘कबुली दिली’ हे क्रियापद बातमीदाराने निवडलेलं आहे. स्पॅनिशमध्ये ‘दिखो’ म्हणजे नुसतं ‘म्हणाले’. ‘रेकोनोसिओ’ म्हणजे ‘मान्य केलं’, आणि त्यात आधी काही लपवलं होतं अशी सूचना येऊ शकते. ‘देनुन्सिओ’ पाहून ‘पोलिसांत तक्रार केली’ असं लिहिण्याचा मोह होतो. पुष्कळदा त्याचा अर्थ ‘जाहीर आरोप केला’ एवढाच असतो. बोलणाऱ्याचे शब्द अवतरणात नसतील, तर मी साधं ‘म्हणाले’ ठेवते. ‘ऐतिहासिक’ हे विशेषणही बातमीदाराचंच. ते सारांशात हवं असेल, तर ‘वृत्तपत्राच्या मते’ अशी जोड द्यावी. वर ‘क्रोनिका’ असा शिक्का असला, तर अशी विशेषणं अधिकच सापडतील, कारण त्या प्रकारात वार्तांकन आणि बातमीदाराची समज एकत्र चालते.

अवतरणालाही तपासणी लागतेच. त्या दिवशी दुर्मीळ वातावरणीय घटनेमुळे वीज गेल्याचं एक स्पष्टीकरण पोर्तुगालच्या वीजजाळ्याची व्यवस्था पाहणाऱ्या ‘रेन’ कंपनीच्या नावावर जगभर फिरलं. आपण असं काही म्हटलेलंच नाही, असं कंपनीने नंतर स्पष्ट केलं. ‘रेन म्हणते’ असं लिहिण्याआधी कंपनीचं मूळ निवेदन पाहिलं असतं, तर ही चूक टळली असती.

आता माझ्या नमुना वाक्याचा सारांश: ‘२८ एप्रिलला दुपारी १२.३३ला स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली. सुमारे १५ हजार मेगावॉट वीज काही सेकंदांत नाहीशी झाल्याचं सरकारने सांगितलं. जाळ्यातला जोरदार हेलकावा हे कारण असल्याचं सांगितलं जातं; त्याला दुजोरा मिळालेला नाही. वृत्तपत्र या घटनेला ऐतिहासिक म्हणतं.’

सायबर हल्ल्याची शक्यताही त्या दिवशी चर्चेत होती. १७ जूनला स्पेन सरकारने आपला अहवाल मांडला. त्यात अनेक कारणांच्या साखळीतून जाळ्यातला व्होल्टेज बेसुमार वाढल्याचं म्हटलं होतं, आणि सायबर हल्ल्याचा पुरावा सापडला नव्हता.