दहा लिटरचा हेक्साकॉप्टर : पंचवीस किलोंच्या आतला हिशेब

भातशेतीवर फवारणी करणाऱ्या दहा लिटरच्या हेक्साकॉप्टरची जुळणी सुटे भाग विकत घेण्यापासून सुरू होत नाही, ती वजनाच्या मर्यादेपासून सुरू होते. ‘ड्रोन नियम २०२१’ नुसार २ ते २५ किलोचे यंत्र ‘स्मॉल’ वर्गात मोडते. त्यापुढे ‘मीडियम’ वर्ग लागतो आणि यंत्राला लागू होणाऱ्या अटी बदलतात. या नियमांखाली देशातील पहिले टाइप सर्टिफिकेट जून २०२२ मध्ये गुरुग्रामच्या आयोटेकवर्ल्ड कंपनीच्या ‘ॲग्रीबॉट’ला मिळाले. तोही सहा पंख्यांचा फवारणी ड्रोन होता आणि याच वर्गात बसणारा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुट्या भागांवर मात्र आली नाही. त्यामुळे कल्याण-डोंबिवलीतील एखाद्या गाळ्यात असे यंत्र जुळवायला घेणाऱ्यापुढे भागांच्या निवडीचा प्रश्न खरोखरच उभा राहतो. मुरबाड, शहापूर, अंबरनाथकडची खाचरे लहान, बांध अरुंद आणि खरिपातली हवा उष्ण व दमट असते. यांतली प्रत्येक गोष्ट हिशेबात उतरते.

सुरुवातीला वजनाचा अंदाज मांडावा. द्रावण १० किलो. फ्रेम, पाय, टाकी, पंप, नोझल, फ्लाइट कंट्रोलर आणि तारा मिळून साडेपाच किलो. मोटर, ईएससी आणि प्रोपेलर एकत्र असलेला संच सुमारे ८०० ग्रॅमचा, म्हणजे सहा संचांचे ४.८ किलो. १६ ॲम्पिअर-तासांची १२ सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी सुमारे ४.२ किलो. बेरीज २४.५ किलो होते. हातात उरतो अर्धा किलो आणि प्रत्यक्षात क्लॅम्प, नटबोल्ट तोही खाऊन टाकतात. म्हणून प्रत्येक भाग काट्यावर ठेवून मोजावा. कॅटलॉगमध्ये मोटरचे वजन बहुधा वायरीशिवाय दिलेले असते.

एका जागी तरंगताना प्रत्येक मोटरला २४.५ भागिले ६, म्हणजे सुमारे ४.१ किलो थ्रस्ट द्यावा लागतो. या कामाला २३ इंचांचा घडीचा प्रोपेलर असलेले संच वापरात आहेत. त्यांचा कमाल थ्रस्ट एका मोटरमागे बारा किलोच्या आसपास सांगितला जातो. हा आकडा जसाच्या तसा धरू नये. तो ४६ व्होल्टवर आणि समुद्रसपाटीच्या प्रमाणित हवेत घेतलेला असतो. वापरात बॅटरीचा दाब ४२ व्होल्टपर्यंत उतरतो आणि थ्रस्ट दाबाच्या साधारण वर्गाने घटतो, त्यामुळे बाराचे दहा होतात. एप्रिल-मेमध्ये ३५ अंशांना हवेची घनता प्रमाणापेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असते आणि दमटपणा ती आणखी थोडी घटवतो. अखेर हातात सव्वानऊ किलो उरतात. गरजेच्या सव्वादोन पट थ्रस्ट हा फवारणी यंत्राला पुरेसा आहे. हे प्रमाण दीडच्या खाली गेले की वाऱ्याच्या झोतात यंत्र सावरायला वाव उरत नाही.

सहा पंखे घेण्याचे कारण याच आकड्यांत आहे. एक मोटर बंद पडली तर तोल राखण्यासाठी तिच्या समोरची मोटर जवळपास शून्यावर आणावी लागते. मग २४.५ किलो उरलेल्या चारांवर येतात, म्हणजे प्रत्येकी सव्वासहा किलोच्या आत. सव्वानऊ किलो देऊ शकणाऱ्या मोटरला ते झेपते. दिशा धरून ठेवण्याची ताकद मात्र जवळपास संपते आणि यंत्र हळूहळू गिरक्या घेत उतरते. मोटरची कमाल क्षमता या वजनासाठी फक्त सहा किलोची असती, तर सहा पंखे असण्याचा काही उपयोग नव्हता.

प्रोपेलरच्या आकारावरून फ्रेम ठरते. हेक्साकॉप्टरमध्ये शेजारच्या दोन मोटरांमधले अंतर बाहूच्या लांबीइतकेच असते, कारण समभुज षटकोनाची बाजू आणि त्याची त्रिज्या सारखीच असते. २३ इंच म्हणजे ५८४ मिलिमीटर. दोन टोकांमध्ये थोडी फट धरून बाहू ६४० आणि समोरासमोरच्या मोटरांचे अंतर १,२८० मिलिमीटर येते. ३० इंचांचे प्रोपेलर घेतले तर तेच अंतर सोळाशेच्या पुढे जाते.

मोठा प्रोपेलर का हवासा वाटतो, हे शक्तीच्या सूत्रावरून कळते:

```
P = √( T³ / (2ρA) )
```

इथे T म्हणजे न्यूटनमधला थ्रस्ट, ρ हवेची घनता आणि A पंख्याने झाडलेले क्षेत्रफळ. ४.०८ किलो म्हणजे ४० न्यूटन, घनता १.१४, क्षेत्रफळ ०.२६८ चौरस मीटर. उत्तर ३२४ वॅट येते. ही आदर्श किंमत आहे. प्रोपेलर, मोटर आणि ईएससी यांचे नुकसान धरून एकूण कार्यक्षमता ५५ टक्के मानली तर बॅटरीतून सुमारे ५९० वॅट लागतात. सहा मोटरांचे साडेतीन किलोवॅट, आणि पंपासह ३.६. सूत्रात क्षेत्रफळ वर्गमुळात असल्याने शक्ती प्रोपेलरच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ३० इंचांत ती तेवीस टक्क्यांनी कमी होईल. पण मोठा पंखा वेग बदलायला आळशी, त्याची मोटर जड, आणि फ्रेम टेम्पोत भरून अरुंद बांधांवर न्यायला अवघड. लहान खाचरांसाठी २३ इंचच बरे.

उड्डाणवेळेचा हिशेब सोपा आहे, फक्त एक गोष्ट विसरून चालत नाही. १६ ॲम्पिअर-तास गुणिले ४४.४ व्होल्ट म्हणजे ७१० वॅट-तास. त्यातले ८० टक्केच, म्हणजे ५६८ वॅट-तास वापरावेत. ३.६ किलोवॅटने भागले की साडेनऊ मिनिटे येतात. पण फवारताना टाकी रिकामी होत जाते आणि शक्ती वजनाच्या दीडव्या घाताने कमी होते. रिकाम्या टाकीच्या १४.५ किलोंना १.७ किलोवॅट पुरतात. संपूर्ण टाकी समान गतीने रिकामी झाली तर सरासरी २.६ किलोवॅट येते आणि वेळ तेरा मिनिटांवर जातो. मिनिटाला सुमारे १.४ लिटर सोडले तर दहा लिटर सात मिनिटांत संपतात, आणि त्यात ३०० वॅट-तास खर्च होतात. उरलेली ऊर्जा जाणे-येणे, वळणे आणि वारा यांसाठी असते.

मग मोठी बॅटरी घ्यावी, असे वाटते. २२ ॲम्पिअर-तासांची बॅटरी सुमारे दीड किलोने जड असते. ऊर्जा ३७ टक्क्यांनी वाढते, भरलेल्या टाकीसह तरंगण्याचा वेळ मात्र फक्त सव्वीस टक्क्यांनी, आणि एकूण वजन २६ किलो होऊन मर्यादा ओलांडते. तेव्हा टाकी एक लिटर कमी भरावी लागते. शेताच्या कडेला दोन लहान बॅटऱ्या बदलत राहणे इथे जास्त फायद्याचे.

बॅटरीचा सी-दरही तपासावा. ३.६ किलोवॅटला ८१ ॲम्पिअर, म्हणजे ५ सी सतत लागतात. वाऱ्यात किंवा चढाईत तो दुप्पट होऊ शकतो. त्यामुळे १५ सी सतत दर असलेली बॅटरी सुरक्षित ठरते. जुन्या बॅटरीत अंतर्गत रोध वाढलेला असतो. भरलेल्या टाकीने उचलताच दाब प्रतिसेल साडेतीन व्होल्टखाली घसरला आणि उतरल्यावर पुन्हा वर आला, तर ती बॅटरी फवारणीतून काढावी, मग तिचा चार्ज कितीही दिसो.

हिशेब बरोबर आहे का, हे औषधाऐवजी पाणी भरून तपासतात. आधी रिकाम्या, मग अर्ध्या, मग पूर्ण टाकीने दोन-दोन मिनिटे स्थिर तरंगवून करंट लॉगमध्ये पाहतात. पूर्ण टाकीला ८० ॲम्पिअरऐवजी ९५ दिसले तर वजन पुन्हा मोजावे, प्रोपेलर उलटा बसला आहे का ते पाहावे. आर्डूपायलट वापरत असल्यास `MOT_THST_HOVER` ची किंमत पूर्ण टाकीला साधारण ०.४ असावी. ०.६ च्या वर गेली तर यंत्र जड आहे किंवा मोटर अपुरी आहे. एकाच बाजूच्या मोटरांचा आउटपुट सतत इतरांपेक्षा जास्त असेल तर गुरुत्वमध्य सरकलेला आहे. अर्ध्या टाकीतच थरथर वाढत असेल, तर कारण बहुधा आत उसळणारे पाणी असते, आणि त्याला टाकीत आडव्या पट्ट्या बसवणे हाच उपाय. खाडीलगतच्या गावांत काम करणाऱ्यांनी मोटरचे बेअरिंग दर उड्डाणदिवशी हाताने फिरवून पाहावे. खारट दमट हवेत ते लवकर कुरकुरू लागते आणि ज्या मोटरचे कुरकुरते तीच सर्वांत आधी गरम लागते.