तळपट्टीतला व्हॉट्सॲप नंबर पुरेसा नाही

ऑनलाइन दुकानाच्या तळपट्टीत (पानाच्या अगदी खालच्या भागात) ग्राहकसेवेचा नंबर टाकला की तक्रारीची सोय झाली, असं बरेच दुकानदार मानतात. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 मात्र दोन वेगळे संपर्क मागतात: ग्राहकसेवा आणि तक्रार निवारण अधिकारी (तक्रारीला उत्तरदायी असलेली व्यक्ती). या अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क दाखवावाच लागतो. त्यानं तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि ती महिन्याभरात निकाली काढायची. एसटीत वाहक तिकीट देतो, पण गाडीच सुटली नाही तर आपण आगारप्रमुखाकडे जातो. फरक तोच.

समजा, साडीचा रंग वेगळा निघाला. दुकानाचं नाव ‘मोरपंख’, बिलावर मात्र भलतंच नाव. पैसे मागायचे कोणाकडे? नोटीस पाठवायची कुठे? म्हणून व्यवसायाचं कायदेशीर नाव आणि मुख्यालयाचा पूर्ण पत्ता हवा. नुसतं ‘पुणे’ चालत नाही. परताव्याच्या अटीही खरेदीआधी वाचता आल्या पाहिजेत. ‘परतावा नियमांनुसार’ एवढंच लिहिलं, तर ग्राहकाला काहीच कळत नाही. साडी किती दिवसांत परत घेणार, पाठवणीचा खर्च कोणाचा, पैसे कधी मिळणार, हे तिथेच स्पष्ट लिहावं.