कानाला न ऐकू येणाऱ्या चुका

श्रुतलेखनाची वही तपासून आली की घरी पहिला प्रश्न येतो, ‘लक्ष कुठं होतं तुझं?’ पण मराठी श्रुतलेखनात ज्या चुकांवर लाल खूण होते, त्यांतल्या बहुतेक कान देऊन ऐकल्या तरी टळत नाहीत. बोलताना आपण दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाही; वाक्य सलग वाहत जाते. ‘विहिरीतून’मधला दुसरा इकार ऱ्हस्व की दीर्घ, हेही उच्चारावरून नीट कळत नाही. ‘मुलांनी’तला अनुस्वार तर घाईच्या बोलण्यात जवळजवळ गिळलाच जातो. ऐकणे ही या परीक्षेची निम्मी बाजू. उरलेली निम्मी व्याकरण ओळखण्याची आहे.

एक छोटा उतारा घेऊ. शिक्षकांनी सांगितले: ‘आजीने विहिरीतून पाणी आणले. अंगणातल्या तुळशीसमोर मुलांनी रांगोळी काढली होती. त्या वेळी गुरुजी आमच्याबरोबर होते. त्यांनीही मुलांचे कौतुक केले.’

सहावीतले एखादे मूल हे असे लिहील: ‘आजीने विहीरीतून पाणी आणले. अंगणातल्या तुळशी समोर मुलानी रांगोळी काढली होती. त्यावेळी गुरूजी आमच्या बरोबर होते. त्यानी ही मुलांचे कौतूक केले.’

एकूण १९ शब्दांत नऊ चुका. प्रत्येक चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगण्याची पद्धत जुनी आहे, पण तिचा उपयोग फार थोडा. ‘विहिरीतून’ दहा वेळा लिहिलेले मूल उद्या ‘वकीलाला’ असेच लिहिते, कारण दोन्हींमागचा नियम एकच आहे हे त्याला कोणी दाखवलेले नसते. त्याऐवजी या नऊ चुका जातीनुसार वेगळ्या करून पाहाव्यात: ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन, अनुस्वाराच्या दोन आणि शब्द तोडण्या-जोडण्याच्या तब्बल चार.

तोडण्या-जोडण्याच्या चुका सर्वाधिक असूनही त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, म्हणून आधी त्याच घेऊ. शब्दयोगी अव्यय आधीच्या शब्दाला जोडून लिहायचे, हा नियम मुलांना पाठ असतो. अडचण अशी की ‘समोर’ आणि ‘बरोबर’ हे शब्द एकटेही उभे राहतात: ‘तो समोर बसला’, ‘उत्तर बरोबर आहे’. मग लिहिताना ओळखायचे कसे? काही जण सांगतात, आधीच्या शब्दाचे रूप बदलले असेल तर जोडा. ‘झाड’चे ‘झाडा’ झाले, म्हणून ‘झाडाखाली’. हे बरेचदा चालते, पण ‘आमच्या घरी’ आणि ‘आमच्याबरोबर’ इथे फसते. दोन्हीकडे ‘आमच्या’च आहे, तरी एक तोडून आणि दुसरे जोडून.

यापेक्षा भरवशाची कसोटी म्हणजे मध्ये एखादा शब्द घालून पाहणे. ‘आमच्या जुन्या घरी’ असे म्हणता येते. ‘आमच्या जुन्या बरोबर’ असे कोणी म्हणणार नाही. मध्ये शब्द शिरत असेल तर तोडा, शिरत नसेल तर जोडा. ‘त्या कठीण वेळी’ असे सहज म्हणता येते, म्हणून ‘त्या वेळी’ हे दोन शब्द. (‘त्यावेळी’ छापून आलेले आपण रोज पाहतो आणि काही परीक्षक ते खपवूनही घेतात, परीक्षेत मात्र तोडून लिहिणेच सुरक्षित.) ही कसोटी ‘ही’च्या बाबतीत सर्वांत जास्त उपयोगी पडते. ‘त्यांनी ही गोष्ट सांगितली’ आणि ‘त्यांनीही गोष्ट सांगितली’ ही वाक्ये कानाला जवळपास सारखीच. पहिल्यात ‘त्यांनी काल ही गोष्ट सांगितली’ असे म्हणता येते, कारण तिथे ‘ही’ गोष्टीकडे बोट दाखवते. आपल्या उताऱ्यात ‘त्यांनी काल ही कौतुक केले’ असे म्हणून पाहा, लगेच खटकते. म्हणजे ‘त्यांनीही’ एकच शब्द.

या चुकांना कधीकधी सांगणाराच कारणीभूत असतो, हेही स्पष्टच म्हटले पाहिजे. मुलांना लिहायला वेळ मिळावा म्हणून शिक्षक ‘तुळशी… समोर’ असे थांबून सांगतात आणि मूल त्या थांब्याची जागा वहीत सोडते. उतारा आधी एकदा नेहमीच्या गतीने पूर्ण वाचावा; त्या वेळी पेन खाली. मग अर्थ पुरा होईल एवढे तुकडे सांगावेत: ‘अंगणातल्या तुळशीसमोर’, ‘मुलांनी रांगोळी काढली होती’. शेवटी तपासण्यासाठी पुन्हा सलग वाचावा.

अनुस्वाराचे काम सोपे आहे. कर्त्याला ‘ने’ लागले तर एकवचन, ‘नी’ लागले तर अनेकवचन किंवा आदर. आणि अनेकवचनात प्रत्ययाआधी अनुस्वार हवाच. म्हणून ‘मुलाने’ आणि ‘मुलांनी’. ‘मुलानी’ असे रूप प्रमाण मराठीत नाही. गुरुजी एकच असले तरी आदरामुळे ‘त्यांनी’.

ऱ्हस्व-दीर्घाचे आजचे नियम मराठी साहित्य महामंडळाचे आहेत. १९६२ साली चौदा आले, १९७२ साली चारांची भर पडली. त्यांतले दोनच पक्के केले तरी पुष्कळ चुका जातात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: कवी, गती, वस्तू (‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’ यांसारखे थोडे शब्द सोडून). शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर मराठी शब्दात त्याआधीचा इकार-उकार दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व: वकील-वकिलाला, फूल-फुलाला, विहीर-विहिरीतून. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र हा दुसरा नियम मानत नाहीत. ‘शरीर’चे ‘शरीरात’च राहते आणि ‘कौतुक’मधला उकार ऱ्हस्वच. ‘गुरुजी’तही ‘गुरु’ शेवटी नाही, म्हणून रु ऱ्हस्व. शब्द संस्कृत आहे की नाही, हे नियमावरून कळत नाही. त्यासाठी स्वतःची यादी करावी लागते आणि अडले की अरुण फडके यांच्या ‘मराठी लेखन-कोशा’सारखे पुस्तक उघडावे लागते.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या मराठी लघुलेखनाच्या परीक्षेत हाच प्रश्न आणखी टोकदार होतो. तिथे मिनिटाला ६०, ८०, १०० किंवा १२० शब्दांच्या गतीने उतारा सांगतात. उमेदवार तो खुणांत उतरवतो आणि नंतर त्यावरून पूर्ण मजकूर तयार करतो. वेगात लिहिताना खुणांत मुख्यतः व्यंजनेच उतरतात आणि स्वर बरेचदा गाळले जातात. ‘मुलाने’ आणि ‘मुलांनी’ या दोघांची रेघ सारखीच दिसू शकते. शिवाय ‘करण्यात येत आहे’ यासारखा नेहमीचा शब्दसमूह एकाच खुणेत जोडून घेतात. कागदावर एकच खूण असते, टंकलेखनात मात्र तीन शब्द सुटे करायचे असतात. म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार आणि शब्दांमधली जागा हे सगळे मजकूर टंकताना ठरते. खुणा घेतानाच्या चपळाईने ते साधत नाही. गती वाढवण्यासाठी तासन्‌तास घालवणारे उमेदवार याच ठिकाणी गुण घालवतात.

म्हणून तपासणीचे वळण शाळेत आणि लघुलेखनात एकच ठेवावे. मजकूर तीनदा वाचायचा आणि दर वेळी एकच गोष्ट शोधायची. पहिल्या वाचनात फक्त मोकळ्या जागा, दुसऱ्यात फक्त ‘नी’, ‘ना’ आणि अनेकवचनाची रूपे, तिसऱ्यात इकार-उकार. सगळे एकदम शोधायला गेले की डोळा अर्थाच्या मागे धावतो आणि चूक निसटते. सापडलेल्या चुका तारखेनुसार न लिहिता या तीन रकान्यांत लिहाव्यात. काही आठवड्यांनी कोणता रकाना वाढतोय ते दिसते आणि पुढचा उतारा त्यानुसार निवडता येतो: ‘समोर, मागे, बरोबर, ही’ यांनी भरलेला, किंवा ‘वकील, गरीब, शरीर’ हे शब्द प्रत्ययांसह वापरलेला.