कमोडच्या कडेखालचा पिवळा थर

गैरसमज: ब्लीचने पिवळा डाग जातो.

जातो तो फक्त रंग. बोअरवेलच्या जड पाण्यातला चुना आणि लघवीतले क्षार मिळून कडेखाली दगडासारखा थर धरतात आणि पिवळेपणा त्यात मुरतो. ब्लीच तो रंग उडवतं, पण थर विरघळवत नाही. खरखरीत थर तसाच राहिल्याने काही दिवसांत तो पुन्हा पिवळा होतो. पाण्यात लोह असेल तर ब्लीचमुळे तांबूस डाग उलट पक्का बसतो. चुन्याला आम्लच लागतं.

गैरसमज: मग ब्लीच आणि ॲसिड दोन्ही टाकले की काम झटपट होतं.

हा सगळ्यांत घातक समज. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना इजा करतो. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वानेही हेच होतं. आधी ब्लीच वापरलं असेल तर तीन-चार वेळा फ्लश करा आणि आम्लाचं काम दुसऱ्या दिवशी काढा. उग्र वास येऊन डोळे चुरचुरले तर घासत बसू नका. लगेच बाहेर पडा, दार उघडं ठेवा.

गैरसमज: आम्ल भांड्यात ओतलं की पुरे.

ओतलेलं आम्ल उतारावरून घसरून तळाच्या पाण्यात जातं, कडेखाली ते टिकतच नाही. म्हणून ते तिथे धरून ठेवावं लागतं. टाकीचा कॉक बंद करून फ्लश करा आणि कडेची खालची बाजू कापडाने पुसून कोरडी करा. एक लिटर कोमट पाण्यात साधारण शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा. उकळतं पाणी नको, भांड्याला तडा जाऊ शकतो. हातमोजे घालून टिश्यू पेपरचे पीळ त्यात भिजवा आणि कडेखाली दाबून बसवा. रात्रभर राहू द्या. सकाळी पीळ काढून कचऱ्यात टाका (फ्लश केले तर तुंबेल) आणि जुन्या टूथब्रशने घासा. पाणी येण्याची भोकं लाकडी टूथपिकने मोकळी करा. छोटा आरसा खाली धरला की राहिलेला थर नेमका दिसतो. जुना थर एका रात्रीत निघत नाही, दोन-तीनदा करावं लागतं.

बाजारात सुटं मिळणारं ॲसिड यापेक्षा झटपट काम करतं, हे खरं. पण त्याच्या वाफा घशाला लागतात, नळाचा क्रोम काळवंडतो आणि शिंतोडे पडलेली संगमरवरी फरशी खराब होते. घरी मी ते आणणार नाही. स्क्रू-ड्रायव्हर आणि तारेची घासणीही नको. भांड्याची चकाकी खरवडली गेली की नवा थर आणखी लवकर धरतो.

सगळं साफ होऊनही एकाच जागी पिवळी रेघ परत उमटत असेल, तर टाकी गळत असण्याची शक्यता आहे. टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीतला वॉशर बदलायला झालाय.