जमीन घेण्याआधी खड्डा खणा

कृष्णाकाठी वाळवा, मिरज, शिरोळ भागात जमीन बघायची असेल तर मे महिन्यात जावं. पावसाळ्यात सगळंच हिरवं दिसतं. उन्हाळ्यात मात्र क्षारपड रानात पांढरा थर वर येतो. अर्थात हा थर नांगरून मोडता येतो, वर नवी माती पसरून झाकताही येतो. म्हणून मालकाची परवानगी घेऊन एक मीटर खोल खड्डा खणावा.

खड्ड्याच्या कडेवरून दर 30 सेंटिमीटरला मातीचा वेगळा नमुना घ्यावा. ते एकत्र मिसळले की तपासणीतली खरी माहिती हरवते. क्षार वरच्या थरात जास्त निघाले, तर खालचं पाणी वर चढून वाफ होताना क्षार मागे ठेवतंय. सामू 8.5 च्या वर गेला, तर जमीन चोपण असण्याची शक्यता मोठी. वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ पावसाच्या पाण्यात न हलवता ठेवा. तासा-दोन तासांत भोवती दुधाळ ढग पसरला, तर मातीत सोडियम जास्त आहे. पाणी नितळ राहिलं म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण क्षार भरपूर असले की ढेकूळ फुटत नाही.

निचरा बघायला खड्ड्यात पाणी ओततात. पण काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा असतात, पाणी त्यांतून झटकन जातं आणि जमीन चांगली वाटते. खड्डा आधी रात्रभर भिजवून मगच पुन्हा भरावा. त्याहून मोठा प्रश्न असा, की रानातलं पाणी शेवटी जाणार कुठे? भूमिगत सच्छिद्र पाईप टाकून क्षारपड जमीन सुधारता येते, पण जवळचा ओढा पाइपाच्या तोंडापेक्षा खाली हवा. ओढा गाळाने रानाच्या बरोबरीला आला असेल, किंवा वाट शेजाऱ्याच्या बांधातून जात असेल, तर सौद्याआधीच शेजाऱ्याची लेखी संमती घ्यावी.

आता विहीर. पंप अर्धा तास चालवून मग बाटली त्याच पाण्याने विसळून भरावी. समजा अहवालात ईसी 1.1 आली. हे पाणी मध्यम, चालेल असं कुणीही म्हणेल. पण बायकार्बोनेट 9, कॅल्शियम 2, मॅग्नेशियम 3 आणि कार्बोनेट शून्य असेल, तर 9 मधून 5 वजा जाऊन आरएससी 4 येते. 2.5 च्या वरचं पाणी काळ्या जमिनीला घातक. ते हळूहळू रान चोपण करतं. ही 4 आरएससी 1.5 वर आणायला दर हजार घनमीटर पाण्यामागे सुमारे 215 किलो शुद्ध जिप्सम लागतं. एकरी पाच सेंटिमीटरच्या एका पाळीला साधारण 200 घनमीटर पाणी, म्हणजे 43 किलो जिप्सम; वर्षात वीस पाळ्या दिल्या तर 860 किलो. हा खर्च दरवर्षीचा आहे, तेव्हा तो भाव ठरवतानाच धरावा. आणि निचऱ्याची वाट नसेल तर हे जिप्समही फुकट जातं, कारण मातीतून सुटलेला सोडियम धुऊन बाहेर जायलाच जागा उरत नाही.