गळणारा ‘टू’ आणि नको तिथला ‘हूम’

नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणाऱ्या मुलाला ‘मी राहतो तो रस्ता’ इंग्रजीत सांगायचा असेल, तर तो पटकन म्हणून जातो, ‘द रोड आय लिव्ह’. शेवटचा ‘ऑन’ गळतो. ही चूक निष्काळजीपणाची नाही, ती मराठीतूनच येते. मराठी माणूस रस्त्या‘वर’ राहतो, पण ‘मी राहतो तो रस्ता’ म्हणताना हा ‘वर’ बिनदिक्कत सोडून देतो. ‘ज्या रस्त्यावर मी राहतो’ असं म्हटलं तर ‘वर’ टिकतो खरा, पण रस्त्याला चिकटून. वाक्याच्या शेवटी एकटं उभं राहणं त्याला मराठीत जमत नाही. इंग्रजीत मात्र ते रोजचंच आहे: ‘द रोड आय लिव्ह ऑन’.

समजा, सातपूरच्या एखाद्या कंपनीत मुलाखत झाली आणि नंतर कळवायचंय की मी ज्यांच्याशी बोललो ते मॅनेजर रजेवर आहेत. आधी साधं वाक्य करावं: ‘आय स्पोक टू द मॅनेजर’. त्यातला मॅनेजर उचलून पुढे ठेवायचा, उरलेलं जसंच्या तसं मागे जोडायचं: ‘द मॅनेजर आय स्पोक टू इज ऑन लीव्ह’. मॅनेजरची जागा मोकळीच राहते. तिथे ‘हिम’ घालून ‘आय स्पोक टू हिम’ केलं, तर एकच माणूस दोनदा येतो. ही चूकही वरचेवर दिसते.

आता ‘हूम’. वरच्या वाक्यात तो लागतच नाही. ‘द मॅनेजर हू आय स्पोक टू’ चालतं, ‘दॅट’ चालतं, ‘हूम’ही चालतो, फक्त तो जरा औपचारिक वाटतो. सक्ती एकाच ठिकाणी आहे. ‘टू’ पुढे आणला, की त्याच्यामागे ‘हूम’च हवा: ‘द मॅनेजर टू हूम आय स्पोक’. तिथे ‘टू दॅट’ चूक, आणि ‘टू हू’सुद्धा टाळावं.

भारदस्तपणाच्या हौसेने ‘हूम’ भलतीकडे घुसतो, तेव्हा खरी गडबड होते. ‘द मॅनेजर हूम कॉल्ड मी’ चूकच. फोन मॅनेजरने केला, म्हणजे तो कर्ता. तिथे ‘हू’ हवा, आणि तो गाळताही येत नाही. नावानंतर स्वल्पविराम देऊन जादा माहिती जोडली, तरी ‘हू’ किंवा ‘हूम’ ठेवावाच लागतो: ‘माय अंकल, हूम आय स्पोक टू यस्टरडे, लिव्ह्ज इन नाशिक’.

शेवटी ‘टू’ येणं अशुद्ध, असं अनेकांना शाळेत शिकवलं गेलं. या आक्षेपाचं मूळ सहसा इंग्रज कवी जॉन ड्रायडनपर्यंत नेलं जातं. 1672मध्ये त्याने बेन जॉन्सनच्या लेखनातल्या अशा रचनेला दोष दिला, आणि पुढे स्वतःच्या जुन्या निबंधातलीही अशी वाक्यं बदलली. बोलणाऱ्यांनी मात्र ती रचना कधीच सोडली नाही, आणि आजचे व्याकरणकारही तिला शुद्धच मानतात. त्यामुळे अर्जात किंवा मुलाखतीत ‘द पर्सन आय स्पोक टू’ निर्धास्तपणे वापरावं; फक्त तो ‘टू’ विसरू नये.